पहिला हप्ता हलका, पण मुद्दल जागच्या जागी: स्टेप-अप, प्री-ईएमआय आणि बुलेट कर्जाचा हिशेब

इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉर, निपानिया किंवा बायपासच्या बाजूला फ्लॅट बघायला गेलात, की किमतीनंतर दुसरं वाक्य हप्त्याचं असतं. ‘सुरुवातीला फक्त 29 हजार भरा’, ‘ताबा मिळेपर्यंत नुसतं व्याज द्या’. सराफ्याजवळच्या गोल्ड लोनच्या काउंटरवर तिसरं वाक्य ऐकू येतं: ‘वर्षभर काही भरू नका, शेवटी एकदम सोडवा.’ तिन्ही योजना कायदेशीर आहेत आणि काही कुटुंबांना त्या खरोखर सोयीच्या पडतात. पण तिन्हींत सुरुवातीचा हप्ता एकाच कारणानं कमी होतो: मुद्दल फेडणं पुढे ढकललेलं असतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण चालू असतं.

म्हणून कोणतीही योजना समोर आली, की आधी एक छोटा हिशेब करावा. शिल्लक कर्जाला वार्षिक दरानं गुणा आणि 12 नं भागा. हे झालं महिन्याचं व्याज. 40 लाखांचं कर्ज आणि 8.5 टक्के दर धरला, तर ते 28,333 रुपये येतं. हप्ता यापेक्षा जेवढा जास्त, तेवढंच मुद्दल कमी होतं. हप्ता बरोबर एवढाच असेल, तर मुद्दल जागचं हलत नाही, आणि यापेक्षा कमी असेल, तर भरत असतानाही कर्ज वाढतं. पुढचं सगळं या एका आकड्याभोवती फिरतं, म्हणून तो कागदावर लिहूनच बँकेत जावं.

स्टेप-अप: वाढत्या हप्त्यांचं कर्ज

एका तरुण जोडप्याचं उदाहरण घेऊ. वय 29-30, फ्लॅट 50 लाखांचा, कर्ज 40 लाख, दर 8.5 टक्के फ्लोटिंग, म्हणजे पुढे बदलू शकणारा, मुदत 20 वर्षं. साधा समान हप्ता येतो 34,713 रुपये. बँक म्हणते, हे जड जात असेल तर स्टेप-अप घ्या: पहिली 3 वर्षं 29,000, पुढची 3 वर्षं 33,000, आणि उरलेली 14 वर्षं 38,495.

हा हिशेब घरी एक्सेलमध्ये किंवा मोबाइलवरच्या शीटमध्ये चार ओळींत तपासता येतो. बँकेच्या माणसानं दाखवलेल्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा हे स्वतः करून बघणं चांगलं.

```
=PMT(8.5%/12,240,-4000000)
=FV(8.5%/12,36,29000,-4000000)
=FV(8.5%/12,36,33000,-3972772)
=PMT(8.5%/12,168,-3774295)
```

पहिली ओळ साधा हप्ता देते. दुसरी ओळ 29,000 प्रमाणे 3 वर्षं भरल्यावर किती कर्ज उरलं ते सांगते, तिसरी त्यापुढच्या 3 वर्षांनंतरचं, आणि चौथी उरलेल्या 168 महिन्यांचा हप्ता काढून देते. दर किंवा रक्कम वेगळी असेल तर तेवढे आकडे बदलायचे आणि एका ओळीचं उत्तर पुढच्या ओळीत घालायचं.

दुसऱ्या ओळीच्या उत्तराकडे नीट बघा. 3 वर्षांत या जोडप्यानं 10 लाख 44 हजार रुपये भरले आणि शिल्लक आहे 39,72,772. म्हणजे मुद्दल कमी झालं फक्त 27,228 रुपयांनी. साध्या हप्त्यात याच काळात ते 2 लाख 60 हजारांनी कमी झालं असतं. सहाव्या वर्षाच्या शेवटी स्टेप-अपमध्ये 37.74 लाख बाकी राहतात, साध्या कर्जात 34.03 लाख.

पूर्ण 20 वर्षांचा हिशेब असा लागतो: पहिल्या 6 वर्षांत साधारण 2 लाख 67 हजार रुपयांची सवलत मिळते आणि नंतरच्या 14 वर्षांत साध्या हप्त्यापेक्षा 6 लाख 35 हजार जास्त भरावे लागतात. फरक 3 लाख 68 हजारांचा. ही स्टेप-अपची सरळ किंमत. ती अवाजवी आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्याचं पहिल्या 3 वर्षांतलं बजेट खरंच आवळलेलं आहे आणि पगार वाढणार हे नक्की आहे, त्याला ती परवडू शकते. अडचण होते ती पुढच्या चार गोष्टींमुळे, आणि त्या जाहिरातीत नसतात.

पहिली गोष्ट म्हणजे वाढलेली पात्रता. स्टेप-अपचा खरा उपयोग बरेचदा हप्ता कमी करायला होतच नाही, कर्ज मोठं करायला होतो. याच जोडप्याला 34,713 चा हप्ता झेपत असेल, तर विक्रेता सांगतो की स्टेप-अपमध्ये एवढ्याच पहिल्या हप्त्यात तुम्हाला 47 लाख 88 हजारांचं कर्ज बसतं, दोन बीएचकेऐवजी तीन बीएचके बघा. हिशेब बरोबर आहे. पण मग चौथ्या वर्षी हप्ता होतो 39,501 आणि सातव्या वर्षापासून 46,079. सवलत म्हणून आलेली योजना अशा वेळी ओझं होते. आमचा आग्रह आहे की आधी साध्या हप्त्यावर घराचं बजेट ठरवावं आणि मगच स्टेप-अपचा विचार करावा. घराची किंमत वाढवायला स्टेप-अप वापरू नये.

दुसरी गोष्ट, फ्लोटिंग दर. 29,000 चा हप्ता पहिल्या महिन्याच्या व्याजापेक्षा जेमतेम 667 रुपयांनी जास्त आहे. वर्षभरानं दर 9 टक्के झाला, तर शिल्लक 39.92 लाखांवर महिन्याचं व्याजच 29,938 होतं आणि हप्ता व्याजालाही पुरत नाही. साध्या कर्जात तशाच वेळी व्याज 29,403 होतं आणि 34,713 मधून पाच हजारांवर मुद्दलात जात राहतात. अर्धा टक्का म्हणजे फार मोठी वाढ नव्हे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, ज्याच्यामागे गृहकर्जाचे फ्लोटिंग दर हलतात, तो 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला होता.

अशा वेळी काय होतं ते आधी समजून घ्यावं. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं आहे की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय द्यायला हवा, आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजापेक्षा कमी पडून कर्ज फुगायला नको. स्टेप-अपच्या पहिल्या टप्प्यात मुदत वाढवायला जागाच नसते, कारण हप्त्यातून मुद्दलात जवळपास काही जात नाही. म्हणजे हप्ता ठरलेल्या तारखेच्या आधीच वाढतो. ज्याने 3 वर्षं 29,000 धरून बाकीचं बजेट बांधलं, त्याची गाडी इथे अडते.

तिसरी गोष्ट विम्याची. कर्जाबरोबर बँका बहुतेक वेळा कर्ज-संरक्षण विमा देऊ करतात. त्यातल्या घटत्या कव्हरच्या पॉलिसीत विम्याची रक्कम दरवर्षी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे कमी होते. तो तक्ता साध्या हप्त्याचा असेल, तर सहाव्या वर्षाच्या शेवटी कव्हर साधारण 34.03 लाख आणि कर्ज 37.74 लाख. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं, तर मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर 3 लाख 71 हजार उरतात. विमा घ्यायचा असेल, तर पॉलिसीतला कव्हरचा तक्ता आणि बँकेचा परतफेडीचा तक्ता शेजारी ठेवून वर्षागणिक ताडून बघा. नाहीतर रक्कम कमी न होणारा साधा टर्म विमा वेगळा घ्या. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला असेल, तर त्यावरही 20 वर्षं व्याज लागतं, हेही बघून ठेवा.

चौथी गोष्ट किरकोळ वाटते, पण फटका खरा असतो. हप्ता खात्यातून आपोआप कापण्यासाठी जो NACH मँडेट तुम्ही सही करून देता, त्यात जास्तीत जास्त रकमेची मर्यादा लिहिलेली असते. ती पहिल्या हप्त्याएवढीच असेल, तर 37 व्या महिन्यात 33,000 ची कापणी अडकते. खात्यात पैसे असूनही हप्ता चुकल्याचा दंड लागतो आणि क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो. मँडेटची मर्यादा शेवटच्या टप्प्याच्या हप्त्यापेक्षा थोडी वर असू द्या. तसंच टप्पा कोणत्या महिन्यात बदलतो ते विचारा. समजा मध्य प्रदेश शासनातल्या एखाद्या नोकरदाराची वेतनवाढ जुलैत होते. हप्ता एप्रिलमध्ये वाढला, तर मधले तीन महिने ओढाताण होते. कर्ज वितरणाची तारीख थोडी पुढेमागे करून हे जुळवता येतं, पण ते सही करण्याआधीच.

मग स्टेप-अप कोणाला जुळतं? ज्याची पगारवाढ नियमानं ठरलेली आहे आणि नोकरी जाण्याची भीती कमी, त्याला. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत दरवर्षी 3 टक्के वेतनवाढ आणि वर महागाई भत्ता मिळतो. आपल्या उदाहरणात 29,000 वरून 33,000 ही 3 वर्षांत 13.8 टक्के वाढ आहे, म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. सरकारी शिक्षक, बँक कर्मचारी, नुकतंच शिक्षण संपवून कायम झालेला डॉक्टर यांना ती झेपावी. ज्यांच्या पगाराचा मोठा भाग कामगिरीवर अवलंबून आहे, ज्यांच्या घरी दोन पगार आहेत पण त्यातला एक बाळंतपणात किंवा आईवडिलांच्या आजारपणात काही काळ थांबू शकतो, त्यांनी टाळावं. चाळिशीच्या आसपास असलेल्यांनीही. चौथ्या ते सातव्या वर्षात हप्ता चढतो, आणि मुलांच्या कॉलेजची फी नेमकी त्याच सुमाराला येते.

या सगळ्याआधी एक पर्याय बघावा असं आम्हाला वाटतं. वय तिशीच्या आसपास असेल, तर तेच 40 लाखांचं कर्ज साध्या हप्त्यानं पण 30 वर्षांच्या मुदतीवर मागा. हप्ता येतो 30,757. स्टेप-अपच्या पहिल्या हप्त्यापेक्षा फक्त 1,757 जास्त. आता वाढ तुम्ही स्वतः करा: चौथ्या वर्षापासून 33,000 आणि सातव्यापासून 38,495, म्हणजे स्टेप-अपचेच आकडे. कर्ज 233 व्या महिन्यात संपतं, म्हणजे 20 वर्षांच्याही सात महिने आधी. एखाद्या वर्षी नोकरी गेली किंवा मोठा खर्च आला, तर बँक फक्त 30,757 मागू शकते. वाढ सक्तीची नाही, हा यातला मोठा फायदा. घरासाठी व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचं शुल्क घेता येत नाही, त्यामुळे जास्तीचे पैसे भरण्याला काही खर्च नाही. मात्र प्रत्येक वेळी लेखी सांगा की जादा रक्कम मुद्दलात वळती करा आणि हप्ता तोच ठेवा. नाहीतर काही शाखांत ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते, आणि काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाते. हा मार्ग त्यालाच, ज्याला महिन्याच्या महिन्याला जादा भरण्याची शिस्त पाळता येईल. ती नसेल तर कर्ज खरोखर 30 वर्षं चालतं आणि व्याज स्टेप-अपपेक्षाही बरंच जास्त जातं.

प्री-ईएमआय: बांधकाम चालू असताना फक्त व्याज

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटसाठी बँक पूर्ण रक्कम एकदम देत नाही. पाया, स्लॅब, वीटकाम अशा टप्प्यांनी बिल्डरला पैसे जातात आणि दिलेल्या रकमेवरच व्याज लागतं. ताबा मिळेपर्यंत हे व्याज तेवढं भरायचं, याला प्री-ईएमआय म्हणतात.

त्याच 40 लाखांचं उदाहरण. समजा 10-10 लाखांचे चार टप्पे, दर 8 महिन्यांनी एक, आणि ताबा 30 महिन्यांनी. पहिले 8 महिने व्याज 7,083, मग 14,167, मग 21,250, आणि शेवटचे 6 महिने 28,333. 30 महिन्यांत एकूण 5 लाख 10 हजार रुपये गेले आणि मुद्दल पूर्ण 40 लाखच राहिलं. त्यानंतर 34,713 चे 240 हप्ते सुरू होतात.

पहिल्या दिवसापासून पूर्ण हप्ता भरला असता, तर 30 महिन्यांत 5 लाख 31 हजार जास्त गेले असते आणि ताब्याच्या दिवशी शिल्लक साधारण 33 लाख 95 हजार राहिली असती, म्हणजे 6 लाख 5 हजारांनी कमी. यात जादू काही नाही. आधी भरलेल्या पैशावर 8.5 टक्के वाचले, एवढंच. त्यामुळे जो भाडं भरतोय आणि ज्याच्या हातात खरंच पैसे नाहीत, त्याच्यासाठी प्री-ईएमआय योग्य आहे. जो आईवडिलांच्या घरात राहतो आणि महिन्याला पस्तीस हजार सहज बाजूला पडतात, त्याने पूर्ण हप्ताच सुरू करावा. बँका हा पर्याय बहुतेक देतात, पण मागितल्याशिवाय सांगत नाहीत.

यातला खरा छुपा खर्च उशिराचा आहे. प्री-ईएमआयला शेवटची तारीख बिल्डरच्या हातात असते. चारही टप्पे दिले गेल्यावर ताबा एक वर्ष लांबला, तर 3 लाख 40 हजार रुपये नुसत्या व्याजात जातात, शिवाय त्या वर्षाचं भाडं. म्हणून बुकिंगआधी मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख बघा आणि ती करारातल्या ताब्याच्या तारखेशी जुळवा. तारीख किती वेळा वाढवून घेतली आहे, तेही तिथे कळतं. रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ताबा वेळेत मिळाला नाही, तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो किंवा प्रकल्पात राहून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागू शकतो. हा दावा लावायचा, तर बँकेनं कोणत्या तारखेला किती रक्कम बिल्डरला दिली, त्याचं विवरण लागतं. ते दर टप्प्याला मागून जपून ठेवा. बँकेनं रक्कम सोडण्याआधी साइटवर जाऊन तो टप्पा खरंच झालाय का, तेही बघा. स्लॅब न पडता पैसे गेले, तर व्याज तुमचंच चालू होतं.

‘ताबा मिळेपर्यंतचं व्याज बिल्डर भरेल’ अशी योजना कोणी दाखवली, तर दोनदा विचार करा. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डर थांबला की बँक तुमच्याकडेच येते, आणि दिल्लीच्या परिसरात अशा हजारो खरेदीदारांवर तीच वेळ आली. जुलै 2019 मध्ये राष्ट्रीय आवास बँकेनं गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांवर कर्ज देण्यापासून दूर राहायला सांगितलं, ते यामुळेच.

प्री-ईएमआय विकताना आयकराची सवलतही सांगितली जाते. नियम असा: जुन्या करपद्धतीत ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या आधीचं व्याज त्या वर्षापासून पाच समान भागांत वजा करता येतं. आपल्या उदाहरणात ताबा एप्रिलच्या सुरुवातीला मिळाला असं धरलं, तर 5 लाख 10 हजारांचे पाच भाग, वर्षाला साधारण 1 लाख 2 हजार. ऐकायला छान. पण स्वतः राहत्या घरासाठी एकूण व्याजाची मर्यादा वर्षाला 2 लाख आहे, आणि 40 लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षाचं चालू व्याजच 3 लाख 37 हजार होतं. मर्यादा त्यातच भरून जाते, पाच भागांना जागाच उरत नाही. नवराबायको दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील, तर प्रत्येकाला 2 लाखांची मर्यादा मिळते आणि तेव्हाच या भागांचा उपयोग होतो. नवी करपद्धत निवडली असेल, तर राहत्या घरावर ही वजावट नाहीच.

बुलेट: शेवटी एकदम फेड

बुलेट म्हणजे मधे हप्ता नाही, मुदत संपताना मुद्दल आणि व्याज एकदम. आपल्याकडे हे मुख्यतः सोनेतारण कर्जात दिसतं. याचा योग्य उपयोग माळव्यातल्या सोयाबीनवाल्याला विचारावा. जूनमध्ये बी-खतासाठी पैसे लागतात, पीक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात निघतं आणि छावणीच्या मंडीत विकून पैसा हातात येतो. 2 लाख रुपये 12 टक्क्यांनी 5 महिन्यांसाठी घेतले, तर व्याज 10,000. महिन्याचा हप्ता असता, तर जुलै-ऑगस्टमध्ये तो भरायला पुन्हा उसनवारी करावी लागली असती. उत्पन्न वर्षातून एकदा आणि ठरलेल्या सुमाराला येत असेल, तर बुलेट शोभतं. शेतकऱ्यानं मात्र आधी किसान क्रेडिट कार्ड बघावं. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज त्यावर 7 टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं तर 4 टक्के पडतं. तारीख चुकली की ती 3 टक्क्यांची सूट जाते.

पगारदारानं बुलेट घेतलं की गडबड होते, कारण 12 महिन्यांनी एकदम पैसा कुठून येणार, याचं उत्तर नसतं. मग व्याज भरून कर्ज नवं करून घेतलं जातं. 2 लाख, 12 टक्के, तीन वर्षं असंच चाललं, तर 72,000 रुपये व्याज जातं आणि दागिने सोडवायला अजून पूर्ण 2 लाख लागतात. तेच कर्ज 36 हप्त्यांत घेतलं असतं, तर महिना 6,643 आणि एकूण व्याज 39,143, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पाटल्या घरी.

सोनेतारणाचे नियम 1 एप्रिल 2026 पासून बदलले आहेत आणि बुलेटवाल्यानं ते माहीत करून घ्यावेत. घरगुती गरजेसाठी घेतलेल्या बुलेट कर्जाची मुदत 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि नूतनीकरण साठलेलं व्याज भरल्यावरच होतं. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या 85 टक्के, अडीच ते 5 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यावर 75 टक्के, अशी मर्यादा आहे. बुलेटमध्ये ही मर्यादा आज हातात मिळणाऱ्या रकमेवर मोजत नाहीत, मुदतीच्या शेवटी देण्याच्या एकूण रकमेवर मोजतात. समजा दागिन्यांचं मूल्य 4 लाख ठरलं. 80 टक्के म्हणजे 3 लाख 20 हजार, आणि त्यात वर्षाचं 12 टक्के व्याज बसायला हवं. म्हणून हातात येतात साधारण 2 लाख 85 हजार. काउंटरवर कोणी 3 लाख 20 हजार सांगत असेल, तर ते हप्त्याच्या कर्जाचे आकडे आहेत का, हे विचारा.

छुपा खर्च बुलेटमध्ये दरात असतो. काही योजनांत जाहिरातीतला कमी दर फक्त व्याज दर महिन्याला भरणाऱ्याला लागू असतो, आणि दोन-तीन महिने व्याज थकलं की पूर्ण कर्जाला वरचा दर लागतो. बुलेट घेणारा तर व्याज मुद्दामच थकवतो. म्हणून विचारायचा प्रश्न एवढाच: ‘आज इतके घेतले आणि अमुक तारखेपर्यंत एक रुपयाही भरला नाही, तर त्या दिवशी किती द्यायचे?’ तो आकडा लिहून घ्या. वर्षभरासाठी 12 टक्के सरळ व्याजानं लाखाला 12,000 व्हायला हवेत, महिन्याच्या चक्रवाढीनं 12,683. याहून जास्त निघाले, तर वरचा दर किंवा शुल्क लपलेलं आहे.

दागिने देताना खड्यांचं वजन वजा करून निव्वळ वजन, कॅरेट आणि मूल्य लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या आणि शाखेतून बाहेर पडण्याआधी ताडून पाहा. पूर्ण फेड झाल्यावर दागिने त्याच दिवशी, उशिरात उशिरा 7 कामकाजी दिवसांत परत मिळायला हवेत. कर्ज देणाऱ्याच्या चुकीनं उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईची तरतूद आहे. लिलावाची वेळ आलीच, तर राखीव किंमत चालू मूल्याच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तर 85 टक्के.

सही करण्याआधी आणि नंतर

1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं. त्यात सर्व शुल्क धरून पडणारा वार्षिक खर्चाचा दर असतो आणि सोबत परतफेडीचा पूर्ण तक्ता. जाहिरातीतला व्याजदर बाजूला ठेवून दोन योजनांची तुलना याच वार्षिक दरावर करा. विवरणात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

मग तक्त्यात तीन जागा बघा. पहिल्या ओळीत हप्ता व्याजापेक्षा किती जास्त आहे. ‘शिल्लक मुद्दल’ रकान्यात एखादी ओळ आधीच्या ओळीपेक्षा मोठी आहे का. असेल तर न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जातंय. आणि ज्या वर्षी घर विकण्याची किंवा बदलीची शक्यता वाटते, त्या वर्षीची शिल्लक किती, कारण विक्रीच्या पैशातून आधी तेवढी रक्कम बँकेला जाणार.

अशा कर्जात तुम्ही आधीच असाल, तरी हातात उपाय आहे. प्री-ईएमआय चालू असेल, तर ताब्याची वाट न बघता ‘पुढच्या महिन्यापासून पूर्ण हप्ता सुरू करावा’ असा अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या. स्टेप-अपमध्ये असाल, तर पुढचा टप्पा आधीच लावून घेता येतो. आपल्या जोडप्यानं 33,000 चा हप्ता चौथ्याऐवजी दुसऱ्या वर्षीच सुरू केला, तर तेव्हापासून दर महिन्याला 4,000 रुपये जास्त मुद्दलात जाऊ लागतात. अर्ज मंजूर झाल्यावर नवा तक्ता मागून घ्या, आणि पुढच्या हप्त्यानंतर खात्याच्या विवरणात मुद्दल तेवढं उतरलंय का, ते एकदा तपासा.